‘दुसऱ्या टीमशी ओळख करून देतो’ म्हणाले आणि पुढे सामसूम: या चुका टाळा

हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितोय. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत बरीच वर्षं मुलाखती घेतल्यात, आणि ‘आमच्या दुसऱ्या टीमला तुमचा उपयोग होईल, मी ओळख करून देतो’ असं सांगून ते साफ विसरण्याचं कामही माझ्या हातून झालंय. त्यातला एक प्रसंग इथे जरा सविस्तर सांगतो, कारण घोडं नेमकं कुठे अडतं ते त्यातून स्पष्ट दिसतं.

बॅकएंड डेव्हलपरची जागा होती. चार वर्षं अनुभव असलेली एक मुलगी गुरुवारी दुपारी तिसऱ्या राउंडला आली. आमच्या जागेला स्ट्रीमिंगचा जास्त अनुभव हवा होता, तो तिच्याकडे नव्हता. पण आधीच्या नोकरीत बँकेच्या सेटलमेंट फाइल सांभाळताना तीच फाइल दोनदा प्रोसेस होऊ नये म्हणून तिने काय काय केलं होतं, ते इतकं नीट सांगितलं की मला लगेच वरच्या मजल्यावरची डेटा प्लॅटफॉर्म टीम आठवली. मी म्हणालो, “तिथल्या मॅनेजरशी तुझी ओळख करून देतो.” मनापासून म्हणालो होतो. त्याच संध्याकाळी फीडबॅकचा फॉर्म भरला. ‘या जागेसाठी घ्यावं का?’ या प्रश्नाला ‘नाही’, आणि अगदी खालच्या ‘इतर शेरा’ या चौकोनात ‘डेटा प्लॅटफॉर्मसाठी विचार व्हावा’. मग रिलीज आली, शनिवार-रविवार आला, आणि विषय डोक्यातून गेला.

रिक्रूटरला त्या फॉर्ममधलं फक्त ‘नाही’ दिसलं. एका वेळी वीस-पंचवीस जागा सांभाळणारा माणूस इतर शेरे वाचत बसत नाही. रिक्रूटरने अर्ज बंद केला आणि सोमवारी सिस्टिमने ठरलेला नकाराचा मेल पाठवून दिला. म्हणजे मी दार उघडतो म्हणालो होतो, आणि माझ्याच फॉर्मने ते लावून घेतलं. समोरच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

असा शब्द कंपनीच्या कुठल्याही यंत्रात नोंदवलेला नसतो. मुलाखतीची वेळ रिक्रूटर ठरवतो, फीडबॅकसाठी सिस्टिम आठवण करते, ऑफर लेटरला मंजुरीची साखळी असते. ‘ओळख करून देतो’ हे मात्र एका माणसाच्या डोक्यात असतं, बस. म्हणून आठवण करावीच लागते आणि त्यात लोचटपणा काही नाही. फक्त ती कशी करायची, इथे लोक चुकतात.

‘काही अपडेट?’ एवढाच मेल

त्या मुलीनेही हेच केलं. पुढच्या बुधवारी, मग शुक्रवारी, मग सोमवारी. तिन्ही मेल एकाच साच्यातले: नमस्कार सर, काही अपडेट आहे का, वाट पाहते आहे.

हे मेल मी मुद्दाम टाळले नव्हते. पहिला मोबाइलवर वाचला, एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला जाताना. कसलं अपडेट? त्या आठवड्यात मी पाच जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ही नेमकी कोण, मी काय म्हणालो होतो, सीव्ही कुठे आहे, हे सगळं शोधून मग दुसऱ्या मॅनेजरला तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, म्हणजे वीस मिनिटांचं काम. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून ठेवून दिलं. दुसरा मेल आला तेव्हा पहिल्याला उत्तर न दिल्याचा ओशाळेपणाही त्यात मिसळला, आणि ओशाळलेला माणूस आणखी टाळतो. उशीर झाला की उत्तर देणं दिवसेंदिवस जड होत जातं, हा स्वानुभव आहे.

चौथा मेल मात्र वेगळा होता. बहुधा कुणा जाणत्याने तिला सांगितलं असावं. तो इंग्रजीत होता, पण मजकूर साधारण असा:

> विषय: डेटा प्लॅटफॉर्म टीमशी ओळख: बॅकएंड डेव्हलपर मुलाखत, गुरुवार
>
> नमस्कार सर,
> मागच्या पंधरवड्यात गुरुवारी आपलं बोलणं झालं होतं. सेटलमेंट फाइल दोनदा प्रोसेस होऊ नये म्हणून मी काय केलं, यावर आपण बराच वेळ बोललो. शेवटी तुम्ही म्हणाला होतात की डेटा प्लॅटफॉर्मच्या मॅनेजरशी ओळख करून देता येईल. त्या कामात मला रस आहे. तुम्हाला पुढे पाठवायला सोपं जावं म्हणून खाली थोडक्यात माहिती दिली आहे, सीव्ही जोडला आहे. आत्ता तिथे जागा नसेल तर तेवढं कळवलं तरी चालेल.
>
> पुढे पाठवण्यासाठी: चार वर्षं बॅकएंड, जावा आणि पोस्टग्रेस. त्यातलं दीड वर्ष बँकेच्या सेटलमेंट फाइलची रोजची पाइपलाइन एकटीने सांभाळली. काफ्का कामात वापरलं आहे, स्पार्क शिकण्यापुरतं. राहायला पुण्यात, नोटीस पिरियड 60 दिवस.

मी खालच्या ओळी तशाच उचलल्या, वर ‘गुरुवारी हिच्याशी बोललो, डुप्लिकेट फाइलचं उत्तर चांगलं होतं, एकदा बोलून बघ’ एवढं लिहिलं आणि पाठवून दिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. आणि हो, ‘स्पार्क शिकण्यापुरतं’ हे प्रामाणिकपणे लिहिल्यामुळे माझं काम आणखी सोपं झालं. ज्याचं नाव मी पुढे करतोय त्याने फुगवून लिहिलं असेल, तर उद्या दुसरा मॅनेजर मलाच विचारणार.

या मेलमधल्या तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. मुलाखतीतला एक नेमका प्रसंग, ज्याने चेहरा आठवतो. जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा वेगळा तुकडा, म्हणजे ‘सर, प्लीज’ वगैरे त्यात नको. आणि ‘जागा नसेल तर तसं कळवा’ ही सुटकेची वाट. ही शेवटची ओळ लिहायला लोक घाबरतात, नकाराचं आमंत्रणच दिल्यासारखं वाटतं. पण समोरचा गप्प बसतो तो बऱ्याचदा नाही म्हणायचा संकोच वाटतो म्हणून. ती वाट दिलीत तर निदान उत्तर येतं.

सध्याचा पगार आणि अपेक्षित पगार या पुढे पाठवायच्या तुकड्यात लिहू नका. मेल कुठून कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो, आणि तो आकडा रिक्रूटरशी बोलायचा आहे.

शब्द काय दिला होता, ते नीट न ऐकणं

‘बघतो’, ‘कळवतो’ आणि ‘ओळख करून देतो’ हे तीन वेगळे शब्द आहेत. ‘तुमची प्रोफाइल इतर जागांसाठी लक्षात ठेवू’ हे तर निरोपाचं वाक्य आहे, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ‘आमच्या कंपनीत अशी बरीच कामं असतात, बघू’ हेही बहुतेकदा तोंडदेखलं असतं. पण मुलाखतकाराने विशिष्ट टीमचं नाव घेतलं, किंवा ‘तिथल्या मॅनेजरशी मी बोलतो’ असं म्हटलं, तर त्याच्या डोक्यात खरंच एक माणूस असतो. तिथे पाठपुरावा करण्यात दम आहे.

मुलाखत संपल्याबरोबर, कॉल बंद व्हायच्या आधीच, एक प्रश्न विचारून ठेवा: “यासाठी मी तुम्हाला मेल करू की एचआरमार्फत येऊ?” बरेच जण तिथल्या तिथे पत्ता देतात किंवा रिक्रूटरचं नाव सांगतात. त्या उत्तरावरूनही कळतं. खरंच करणारा माणूस काहीतरी ठोस सांगतो, न करणारा ‘कळवतीलच ते’ म्हणतो. मग लगेच वहीत किंवा फोनमध्ये दोन ओळी टिपून ठेवा: कोण, कुठली टीम, नेमके शब्द काय, जॉब आयडी कुठला. दहा दिवसांनी हे शब्द आपल्यालाच धूसर होतात आणि ‘ओळख करून देऊ शकतो’चं मनातल्या मनात ‘घेतो म्हणाले’ होऊन बसतं.

रिक्रूटरला बाजूला ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती कळतही नाही.

माझा मेल गेल्यावर डेटा प्लॅटफॉर्मच्या मॅनेजरने काय केलं? भरतीच्या सिस्टिममध्ये तिचं नाव शोधलं. तिथे लाल अक्षरांत नकार दिसला. आमच्याकडे नियम होता की नकार मिळालेल्या उमेदवाराला सहा महिने पुन्हा घ्यायचं नाही. असे ‘कूलिंग पिरियड’ बऱ्याच कंपन्यांत असतात, मुदत वेगवेगळी. तो नियम माझ्या आणि त्या मॅनेजरच्या हातात नव्हता. अर्ज एका जॉब आयडीवरून दुसऱ्यावर वळवणं, नकाराचं कारण ‘पात्र नाही’ऐवजी ‘दुसऱ्या जागेसाठी योग्य’ असं बदलणं, हे फक्त रिक्रूटर करू शकतो. दोन मॅनेजर कँटीनमध्ये चहा पिता पिता ‘हो, घेऊ की’ म्हणाले तरी सिस्टिममधला अर्ज जागचा हलत नाही.

म्हणून मुलाखतकाराला लिहिताना रिक्रूटरला सीसीमध्ये ठेवा. मुलाखतकाराचा पत्ता मिळालेला नसेल तर तो बहुतेकदा मीटिंगच्या निमंत्रणातल्या नावांमध्ये दिसतो. शब्द त्याने स्वतः दिला असेल तर त्या पत्त्यावर एकदा लिहायला हरकत नाही असं माझं मत आहे. तो दिसत नसेल तर मेल रिक्रूटरलाच पाठवा आणि ‘हा कृपया त्यांच्यापर्यंत पोचवाल का?’ असं लिहा. व्हॉट्सअॅपवर मात्र जाऊ नका. कुठूनतरी नंबर मिळवून रात्री साडेनऊला आलेला ‘हाय सर’ मी कधीच चांगल्या मनाने वाचलेला नाही.

आणि रिक्रूटरला ‘काय झालं?’ असं मोघम विचारू नका, त्यांना करता येईल असं काम सांगा: “माझा आधीचा अर्ज डेटा प्लॅटफॉर्मच्या जागेवर वळवता येईल का, की मी नव्याने अर्ज करू?” याचं उत्तर देता येतं. त्यातच तुम्हाला कळतं की तुम्ही कूलिंग पिरियडमध्ये अडकला आहात का.

घाईघाईने मागच्या दाराने शिरणं

आठवडाभर काही झालं नाही की माणूस हातपाय मारतो. करिअरच्या पानावर त्या दुसऱ्या टीमची जागा दिसते, मग नव्या ईमेल पत्त्यावरून पुन्हा अर्ज करतो. सिस्टिम फोन नंबरवरून दोन्ही अर्ज जुळवते, किंवा जुळवत नाही आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात, एकीवर नकार आणि दुसरीवर काहीच नाही. रिक्रूटरला हे कळलं की लपवाछपवीचा वास येतो, खरं तर हेतू तसा नसतो.

मित्राकडून रेफरल टाकून घेणंही असंच. सिस्टिममध्ये तुमचं नाव आधीपासून असेल तर बऱ्याच ठिकाणी रेफरल ग्राह्य धरत नाहीत, मित्राला बोनसही मिळत नाही आणि अर्ज आहे तिथेच राहतो. मित्राला रेफरल टाकायला सांगण्याऐवजी त्या टीममध्ये जागा खरंच खुली आहे का, एवढं विचारून घ्यायला सांगा. ते जास्त उपयोगाचं.

तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आणखी एक गाठ आहे. तुमचं नाव कंपनीला प्रथम ज्यांनी दिलं, त्या कन्सल्टन्सीचा त्या नावावर ठरावीक महिने हक्क असतो, आणि तुम्ही त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये लागलात तरी त्यांची फी लागू होऊ शकते. म्हणून अशा वेळी रिक्रूटर थोडा हात आखडता घेतो. कन्सल्टन्सीला वगळून परस्पर बोलणी करू नका, त्यांना ‘अशी अशी ओळख करून देतो म्हणालेत’ असं सांगून टाका. त्यांनाही फीत रस असतो, ते तुमच्या वतीने पाठपुरावा करतात.

आणि शेवटचं मागचं दार म्हणजे लिंक्डइन. दुसऱ्या टीमचा मॅनेजर शोधून त्याला ‘अमुक सरांनी तुमच्याशी बोलायला सांगितलं आहे’ असं लिहिणं. सांगितलं नव्हतं, ‘मी ओळख करून देतो’ म्हटलं होतं. तो मॅनेजर लगेच चॅटवर मुलाखतकाराला विचारतो, ‘हा कोण?’ विसरलेल्या माणसाकडून त्या क्षणी ‘नीट आठवत नाही’ असं उत्तर जातं, आणि तुमच्याबद्दलचं पहिलं मत तिथेच बनतं. मुलाखतकाराकडून तीन आठवडे काहीच आलं नाही, तर त्या मॅनेजरला स्वतंत्रपणे, कुणाचंही नाव न घेता, कामाबद्दल लिहिणं वेगळं. ते जरूर करा.

किती थांबायचं, काय ओळखायचं

मुदत सांगितली नसेल तर कामाचे पाच दिवस थांबा, मग वरच्यासारखा मेल. त्यानंतर साधारण आठ कामाचे दिवस, मग त्याच धाग्यात रिक्रूटरला उद्देशून अर्ज वळवण्याचा तो एक प्रश्न. तिसरा आणि शेवटचा आणखी दोन आठवड्यांनी, दोन ओळींचा. दिवाळीचा आठवडा यात धरू नका, आणि आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये शांतता जास्त लांबते. पुढच्या वर्षाची माणसं किती हे मंजूर व्हायचं असतं, त्यामुळे ‘हो’ म्हणणाऱ्या मॅनेजरकडेही तेव्हा जागा नसते.

काही खुणांवरून अडचण कुठे आहे ते कळतं. मेल परत आला, ‘असा पत्ता नाही’ म्हणून, तर मुलाखतकाराने बहुधा कंपनी सोडली आहे. शब्दही त्याच्याबरोबर गेला, आता रिक्रूटरकडेच जा. नकाराचा छापील मेल आला तर तो फक्त पहिल्या जागेबद्दल असतो, त्यावरून ओळखीचं काय झालं ते ठरत नाही. माझ्या गोष्टीत ते तुम्ही पाहिलंच. ‘पाठवलं आहे त्यांच्याकडे’ असं उत्तर येऊन पुन्हा शांतता झाली, तर मुलाखतकाराने आपलं काम केलं आहे आणि अडलंय पलीकडे. आता त्याच्या मागे लागण्यात काही हशील नाही, जॉब आयडी मागून घ्या. ‘सध्या हेडकाउंट नाही’ असं आलं तर ‘कधी विचारू?’ एवढं विचारा आणि तो महिना कॅलेंडरवर टाका.

या काळात हातातली नोकरी सोडू नका आणि दुसरी ऑफर अडवून ठेवू नका. नोटीस पिरियड 60-90 दिवसांचा, त्यात खोटा आशावाद फार महाग पडतो. दुसरी ऑफर आली असेल तर तीही दडपण आणायला वापरू नका, सरळ कळवा: ‘मला एक ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, त्याआधी बोलणं शक्य आहे का?’ तारीख खरी असेल तरच लिहा.

ओळख झाल्यावरही

त्या मुलीचा अर्ज रिक्रूटरने वळवला, त्यालाही आठवडा गेला. मग एके दुपारी मी दोघांना एकाच मेलवर जोडलं. तिचं उत्तर तासाभरात आलं. पहिल्या ओळीत माझे आभार आणि मला बीसीसीमध्ये टाकल्याचं, दुसऱ्या ओळीत त्या मॅनेजरला बोलण्यासाठी तीन वेळा. म्हणजे पुढची ‘मंगळवारी चालेल का, नाही बुधवारी’ ही देवाणघेवाण माझ्या इनबॉक्सात आलीच नाही. बरेच जण इथे सगळ्यांना ‘थँक यू सो मच’ लिहून थांबतात, वेळ कोण सुचवणार हे कुणालाच कळत नाही, आणि मुश्किलीने झालेली ओळख पुन्हा तशीच पडून राहते.

पंचवीस मिनिटं बोलणं झालं. त्या वेळी तिथे जागा एकच होती आणि ती स्पार्क येणाऱ्या माणसाला गेली. जूनमध्ये दुसरी निघाली तेव्हा त्या मॅनेजरने मला न विचारता थेट तिलाच फोन केला.